घोषणेतली नोकरी आणि हजेरीपटावरची नोकरी

भिलाईत ‘बॅटरी’ हा शब्द गेली साठ-पासष्ट वर्षे एकाच अर्थाने रुळलेला आहे. बॅटरी म्हणजे कोक ओव्हनची बॅटरी, म्हणजे दगडी कोळसा भाजून कोक तयार करणाऱ्या उंच, अरुंद भट्ट्यांची रांग. ‘वडील बॅटरीवर होते’ असे कुणी सांगितले, की पोलाद कारखान्यातला सर्वांत तापदायक विभाग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येई. आता त्याच गावात हा शब्द दुसऱ्या अर्थाने ऐकू येऊ लागला आहे. आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रिक वाहने आणि लिथियम बॅटऱ्यांच्या कारखान्यांमधल्या नोकऱ्यांची स्वप्ने दाखवली जात आहेत. सामंजस्य करारांच्या बातम्यांत हजारो रोजगारांचे आकडे असतात आणि त्या बातम्यांच्या आधारे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम विकले जातात. या आकड्यांतले खरे किती आणि फुगवलेले किती, हे ओळखता येते. त्यासाठी अर्थशास्त्रातली पदवी नव्हे, तर थोडा भागाकार आणि काही कागद तपासण्याची सवय हवी.

या तपासाची सुरुवात भिलाईच्याच इतिहासापासून करणे योग्य ठरेल, कारण मोठ्या कारखान्याची घोषणा आणि त्यातली नोकरी यांच्यामध्ये काय काय घडावे लागते, याचा हा देशातला एक स्वच्छ नमुना आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातला करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि हा कारखाना आपल्या प्रांतात यावा यासाठी मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल आग्रही होते. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. करार आणि लोखंडाची पहिली धार यांत बरोबर चार वर्षांचे अंतर होते. या चार वर्षांत शेकडो भारतीय अभियंते आणि तंत्रज्ञ सोव्हिएत कारखान्यांत शिकून आले. त्यांचे शिक्षण कोणत्या विभागासाठी आहे आणि तो विभाग केव्हा सुरू व्हायचा आहे, हे आधी ठरलेले होते. आधी यंत्राची तारीख, तिच्या मागे माणसाच्या प्रशिक्षणाची तारीख आणि त्यामागे भरती, असा तो क्रम होता. आज नेमका हा क्रम उलटला आहे. प्रशिक्षणाच्या जागा आधी भरल्या जातात आणि यंत्राची तारीख विचारली तर उत्तर मिळत नाही.

भिलाईच्या इतिहासातून दुसरा एक समज मात्र चुकीचा घेतला जातो. कारखाना इथे आला तो मुख्यतः दल्ली-राजहराच्या लोहखनिजामुळे. या खाणी शंभर किलोमीटरच्या आत आहेत. एक टन पोलादासाठी साधारण दीड ते पावणेदोन टन खनिज लागते. म्हणजे दहा लाख टनांच्या मूळ कारखान्यालाच वर्षाला सोळा लाख टनांच्या आसपास खनिज हवे होते, आणि एवढे ओझे दूरवर वाहून नेण्यापेक्षा भट्टीच खाणीजवळ बांधणे शहाणपणाचे होते. खनिज जिथे, कारखाना तिथे, हे समीकरण छत्तीसगडच्या मनात त्यामुळे पक्के बसले आहे. म्हणून जून २०२४ मध्ये कोरबा जिल्ह्यातल्या कटघोरा येथील लिथियमच्या पट्ट्याचा लिलाव झाला, तेव्हा बॅटरीचे कारखानेही आता इथेच येणार, असा निष्कर्ष अनेकांनी सहज काढला.

तो का टिकत नाही, हे वजनाच्या हिशेबाने पाहू. बॅटरी उद्योगात क्षमता गिगावॉट-तासात मोजतात. एक गिगावॉट-तास म्हणजे दहा लाख युनिट. तीन युनिटांची बॅटरी असलेल्या सव्वातीन लाख स्कूटरना एवढ्या बॅटऱ्या पुरतील. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या सेलना दर युनिटमागे साधारण सहाशे ग्रॅम लिथियम कार्बोनेट लागते. म्हणजे वर्षाला एक गिगावॉट-तास सेल बनवणाऱ्या कारखान्याला वर्षभरात सहाशे टनांच्या आसपास कार्बोनेट पुरते. मालगाडीच्या दहा वाघिणींत ते मावेल. जो माल दहा वाघिणींत मावतो, तो जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आणता येतो, त्यासाठी खाणीशेजारी कारखाना बांधण्याची गरज नसते. उलट तयार बॅटरी जड असते, तिची वाहतूक धोकादायक मालाच्या नियमांखाली होते आणि ती वाहन कारखान्याच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. त्यामुळे बॅटरीचे कारखाने खाणींच्या नव्हे, तर वाहन उद्योगाच्या आणि बंदरांच्या ओढीने जागा निवडतात. तमिळनाडू, कर्नाटक, तेलंगणा, गुजरात आणि महाराष्ट्र यांचीच नावे पुनःपुन्हा का येतात, याचे कारण इथे आहे. शिवाय कटघोऱ्याला दिलेला परवाना संमिश्र स्वरूपाचा आहे. आधी सविस्तर पूर्वेक्षण, मग खाणपट्टा, अशी त्याची वाट आहे. त्यानंतर खनिजापासून बॅटरीच्या प्रतीचे रसायन बनवणारा शुद्धीकरण प्रकल्प आणि ऋण-धन ध्रुवांचे साहित्य बनवणारे उद्योग येतात. यातली प्रत्येक पायरी स्वतंत्र उद्योग आहे आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला म्हणून शेवटची आपोआप हाती लागत नाही. आज पदविका करणाऱ्या मुलाने कटघोऱ्याच्या भरवशावर आपली शाखा निवडू नये.

आता देशाच्या पातळीवरचा अनुभव पाहू. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये प्रगत सेलच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. उद्दिष्ट ५० गिगावॉट-तासांचे होते. २०२२ मध्ये ३० गिगावॉट-तासांचे करार झाले. आयईईएफए आणि जेएमके रिसर्च या संस्थांच्या आढाव्यानुसार ऑक्टोबर २०२५ पर्यंत यातली जेमतेम १.४ गिगावॉट-तास क्षमता सुरू झाली होती. दहा लाखांहून अधिक रोजगारांचा अंदाज बांधलेल्या या योजनेतून तोवर प्रत्यक्ष रोजगार मिळाला तो सुमारे अकराशे जणांना. एखाद्या कंपनीला किंवा खात्याला दोष देऊन हा विषय संपत नाही, कारण अडचण या उद्योगाच्या घडणीतच आहे. यंत्रे मुख्यतः चीन, कोरिया आणि जपानमधून येतात. ती बसवणाऱ्या परदेशी तंत्रज्ञांना व्हिसा वेळेवर मिळावा लागतो. आणि यंत्र सुरू झाले म्हणजे उत्पादन सुरू झाले, असेही होत नाही.

हे शेवटचे वाक्य नीट समजून घेण्यासारखे आहे. सेल बनवताना ध्रुवांच्या साहित्याची लापशी तयार करून ती धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर लेपतात, वाळवतात, रुळांखाली दाबतात, कापतात, थरांवर थर रचतात किंवा गुंडाळतात आणि मग त्यात विद्युत-अपघटनी द्रव भरतात. द्रव भरण्याची खोली इतकी कोरडी ठेवावी लागते की माणसाच्या श्वासातली वाफही हिशेबात धरावी लागते. त्यानंतर सेल पहिल्यांदा सावकाश भारित करून काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, निरीक्षणाखाली ठेवतात. लेपाच्या जाडीत काही मायक्रॉनचा फरक पडला, धातूचा एखादा कण आत राहिला किंवा हवेत ओलावा वाढला, तर त्याचे फळ आठवड्यांनंतर दिसते आणि तोवर तयार झालेला सारा माल संशयाखाली येतो. स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट कंपनीने शेलेफ्तेओ या उत्तरेकडच्या गावात डिसेंबर २०२१ मध्ये पहिला सेल तयार केला. सोळा गिगावॉट-तासांच्या नियोजित क्षमतेच्या त्या कारखान्यातून २०२३ मध्ये एक गिगावॉट-तासाइतकाही माल बाहेर पडला नाही. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने मोठी मागणी रद्द केली, सप्टेंबरमध्ये सोळाशे नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. भांडवल होते, मागणी होती, सरकारचा पाठिंबाही होता. कमी पडला तो दोषरहित मालाचा टक्का. एका लहान गावाने या कारखान्याच्या भरवशावर घरे आणि शाळा यांचे नियोजन केले होते, हे भिलाईसारख्या एका कारखान्याच्या गावाने विसरू नये.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडच्या एखाद्या नमुनेदार घोषणेचा हिशेब करून पाहू. समजा, एका औद्योगिक क्षेत्रात पाच गिगावॉट-तासांचा सेल कारखाना येणार असून त्यातून पाच हजार रोजगार मिळतील, अशी बातमी आली. पहिला प्रश्न असा की, एका गिगावॉट-तासामागे माणसे किती लागतात? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला पॅनासॉनिकचा कारखाना साधारण ३२ गिगावॉट-तासांचा आहे आणि त्यासाठी चार हजार नोकऱ्या सांगितल्या गेल्या. म्हणजे दर गिगावॉट-तासामागे सव्वाशे. तेलंगणात महबूबनगरजवळच्या अमर राजा समूहाच्या प्रकल्पात सोळा गिगावॉट-तासांसाठी साडेचार हजार थेट रोजगार सांगितले गेले, म्हणजे सुमारे दोनशे ऐंशी. भारतात मजुरी स्वस्त आणि स्वयंचलन कमी, हे गृहीत धरून हा वरचा आकडा घेतला, तरी पाच गिगावॉट-तासांसाठी चौदाशे माणसे होतात. पाच हजारांतले उरलेले छत्तीसशे बहुधा ‘अप्रत्यक्ष’ असतात. त्यांत बांधकामावरचे तात्पुरते मजूर, मालवाहू गाड्यांचे चालक आणि खानावळीतले कामगारही धरलेले असतात. त्यांची कामे खरी असतात, पण ती बॅटरी तंत्रज्ञाची नोकरी नव्हे.

दुसरा भागाकार टप्प्यांचा. पाच गिगावॉट-तास एकदम उभे राहत नाहीत. पहिला टप्पा एक गिगावॉट-तासाचा असला, तर चौदाशेचे दोनशे ऐंशी होतात. तिसरा भागाकार कामाच्या प्रकाराचा. या दोनशे ऐंशींत पहिली भरती प्रक्रिया अभियंते, यंत्र देखभाल आणि गुणवत्ता तपासणी यांची होते, आणि तिथे आधी अशा कारखान्यात काम केलेल्यांना पसंती मिळते. यंत्रचालकांची मोठी भरती उत्पादन रेषा सुरू होण्याच्या काही महिने आधी होते आणि त्यातला बराच भाग कंत्राटदारामार्फत असतो. अशा रीतीने पाच हजारांच्या बातमीतून, प्रकल्प वेळेवर झाला तर, येत्या दोन-तीन वर्षांत स्थानिक नवशिक्यांच्या वाट्याला शंभर-दीडशे जागा येतात. एवढ्या जागाही स्वागतार्ह आहेत. पण त्यांच्यासाठी एका जिल्ह्यात हजारो मुलांनी एकच अभ्यासक्रम निवडावा, हा शहाणपणा नाही.

प्रकल्प खरा आहे की नाही, हे ओळखण्याची सर्वांत साधी खूण विजेची मागणी ही आहे. सेल बनवणे हे विजेवर चालणारे काम आहे. लेप वाळवणारे लांबच लांब भट्टे आणि कोरड्या खोल्यांतली हवा यांतच निम्म्याहून अधिक वीज जाते. एक युनिट क्षमतेचा सेल बनवायला कारखान्यात तीस ते पन्नास युनिट वीज खर्च होते. म्हणजे एका गिगावॉट-तासाच्या कारखान्याला वर्षभर सरासरी साडेचार-पाच मेगावॉट आणि पाच गिगावॉट-तासांच्या कारखान्याला वीस-पंचवीस मेगावॉट भार लागतो. एवढ्या भारासाठी उच्चदाब जोडणी, उपकेंद्र आणि वाहिनी यांची मागणी वीज कंपनीकडे वर्ष-दीड वर्ष आधी नोंदवावी लागते. ‘बॅटरी कारखाना’ म्हणवणाऱ्या एखाद्या प्रकल्पाचा मंजूर भार दोनशे-तीनशे किलोवॉट असेल, तर तिथे सेल बनणार नाहीत. बाहेरून आलेले सेल जोडून त्यांचे पॅक तयार होतील. तेही प्रतिष्ठेचे काम आहे. पण त्यात सेलची विद्युतदाब आणि अंतर्गत रोधानुसार छाननी, जोडपट्ट्यांचे वेल्डिंग, व्यवस्थापन परिपथाची जोडणी आणि शेवटची चाचणी एवढेच टप्पे असतात आणि माणसेही त्या मानाने थोडी लागतात. २०२२-२३ पासून दुचाकी-तिचाकींच्या बॅटऱ्यांना एआयएस-१५६ या मानकाच्या सुधारित कसोट्या लागू झाल्या. एका सेलला आग लागली तरी ती पसरू नये आणि पाण्यात बुडाल्यावर पॅकच्या आत थेंब जाऊ नये, असा त्यांचा रोख आहे. त्या चाचण्यांचा खर्च लहान जुळणी कारखान्यांना पेलणे कठीण आहे. म्हणून पॅक जुळणीच्या कारखान्यात जाणाऱ्याने आपल्या मालाला कोणत्या चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे, हे विचारले पाहिजे. प्रमाणपत्र नसेल, तर विक्री नाही आणि विक्री नसेल, तर पुढच्या सहा महिन्यांनंतरचा पगारही नाही.

नोकरी शोधणाऱ्याला घरबसल्या करता येण्यासारख्या आणखी दोन तपासण्या आहेत. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. कंपनीचे नाव टाकले की, कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा निधी भरला गेला, हे दिसते. ज्या कंपनीने पाचशे जणांना नेमल्याचे जाहीर केले आणि जिच्या नावावर चाळीस जणांचा निधी भरला जातो, तिच्या विधानाची किंमत त्यावरून कळते. याला एक मर्यादा आहे. कंत्राटी कामगारांचा निधी कंत्राटदाराच्या खात्यात जमा होतो. म्हणून भरतीपत्रावर कंत्राटदाराचे नाव असेल, तर शोध त्याच्याही नावाने घ्यावा. दोन्हीकडे आकडा लहान असेल, तर मात्र शंकेला जागा उरत नाही.

दुसरी तपासणी शिकाऊ उमेदवारीची. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्याखालच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजले जातात. म्हणजे दोनशे शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कंपनीकडे किमान तेराशेहून अधिक माणसे असायला हवीत. ती नसतील, तर ही भरती शिक्षणासाठी नसून स्वस्त मनुष्यबळासाठी आहे किंवा कागदावरच आहे. शिकाऊ उमेदवारीचा करार केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदवला जातो, त्याला नोंदणी क्रमांक असतो आणि विद्यावेतन मालक देतो. उमेदवाराकडून ‘हमखास नोकरी’साठी पैसे मागणारा माणूस या व्यवस्थेत कुठेच बसत नाही. चाळीस-पन्नास हजार रुपये भरून तीन महिन्यांचा ‘ईव्ही तंत्रज्ञ’ अभ्यासक्रम देणाऱ्याला पालकांनी एकच प्रश्न विचारावा: गेल्या तुकडीतल्या मुलांचे शिकाऊ करारांचे क्रमांक दाखवता का?

मग भिलाईच्या तरुणासाठी या क्षेत्रात खरे काम आहे तरी कुठे? त्याचे उत्तर फारसे चकचकीत नाही, पण ठोस आहे. भिलाईपासून फारशा दूर नसलेल्या राजनांदगाव जिल्ह्यात सौरऊर्जा महामंडळाचा शंभर मेगावॉटचा सौर प्रकल्प आणि त्याला जोडलेली ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तासांची बॅटरी साठवण २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. दिवसाची वीज साठवून संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी सलग तीन तास चाळीस मेगावॉट देण्याची तिची क्षमता आहे. सुरू झाली तेव्हा ती देशातली सर्वांत मोठी होती. बॅटरी म्हणजे रोजगार असे वाटणाऱ्याने हा प्रकल्प नक्की समजून घ्यावा, कारण एवढी मोठी साठवण चालवायला माणसे मोजकीच लागतात. जी लागतात त्यांचे कौशल्य मात्र बॅटरीच्या रसायनशास्त्राचे नसते. उच्चदाब विजेची सुरक्षितता, थेट प्रवाहाच्या परिपथातला दोष शोधणे, पेट्यांतली वातानुकूलन यंत्रणा, आगीची सूचना देणारी उपकरणे आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरची नोंद वाचणे, ही ती कौशल्ये. म्हणजे इलेक्ट्रिशियन, वातानुकूलन, उपकरण यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स हेच जुने विषय. देशभर अशा साठवण प्रकल्पांच्या निविदा निघत आहेत, त्यामुळे एका ठिकाणी मोजकी असलेली ही कामे अनेक ठिकाणी मिळून वाढत जातील.

दुसरे ठिकाण भिलाईतच आहे आणि त्याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. भिलाईच्या रेल्वे इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये त्रिकला मोटरींवर चालणारी इंजिने दुरुस्त होतात. वरच्या तारेतून येणारी वीज आधी थेट प्रवाहात आणि मग पुन्हा हव्या त्या वारंवारितेच्या त्रिकला प्रवाहात बदलून मोटरींना देणारी त्यांतली यंत्रणा आणि इलेक्ट्रिक मोटारीतला इन्व्हर्टर, ही एकाच कुळातली यंत्रे आहेत. एक काही हजार किलोवॉटचे, दुसरे शंभर-सव्वाशेचे, एवढाच मुख्य फरक. तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून घालवलेले वर्ष इलेक्ट्रिक वाहनाच्या पाच अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांपेक्षा मोलाचे आहे. पोलाद कारखान्याच्या विद्युत आणि उपकरण विभागांबाबतही हेच म्हणता येईल. रायपूरमध्ये इलेक्ट्रिक तिचाकी बनवणारी गोदावरी इलेक्ट्रिक मोटर्स ही कंपनी आहे. चाकण आणि आकुर्डीमध्ये वाहनांची प्रत्यक्ष उत्पादने होत आहेत, आणि विदर्भ व छत्तीसगडच्या मुलांनी पुण्याकडे जाण्याची वाट नवी नाही. या कारखान्यांत प्रत्यक्ष काम चालू असल्याने जागा मोजक्या असल्या, तरी त्या घोषणेवर नव्हे, तर रोजच्या उत्पादनावर उभ्या असतात. वेल्डिंग, यंत्रदेखभाल, पीएलसी आणि चाचणी यांत पक्के असलेले हात तिथे हवे असतात. वाहन इलेक्ट्रिक असो वा पेट्रोलचे, हे कौशल्य वाया जात नाही. उलट एखाद्या कंपनीच्या बॅटरीपुरतेच शिकलेला मुलगा ती कंपनी डळमळली, की रस्त्यावर येतो.

भिलाईनेच आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवलेली आहे. दहा लाख टनांपासून सुरुवात झालेल्या या कारखान्याची क्षमता पुढे पंचवीस लाख, चाळीस लाख अशी वाढत गेली आणि आधुनिकीकरणानंतर ती सत्तर लाख टनांवर नेण्याचा आराखडा झाला. कायम कामगारांची संख्या मात्र त्याच काळात उतरत गेली आणि कंत्राटी कामगारांची वाढली. उत्पादन आणि रोजगार एकाच दिशेने जातात, ही समजूत पोलादात खोटी ठरली. आरंभापासूनच स्वयंचलित असलेल्या बॅटरी उद्योगात ती खरी ठरेल, असे मानायला आधार नाही. म्हणून गुंतवणुकीचा आकडा मोठा असला, की रोजगाराचाही मोठा असेल, असे सरकारनेही गृहीत धरू नये.

सरकारच्या हातात तीन गोष्टी आहेत आणि त्यांतली एकही खर्चाची नाही. पहिली, सामंजस्य करारात सांगितलेला थेट रोजगार आणि त्या प्रकल्पाचा, कंत्राटदारांसह, प्रत्यक्ष भविष्य निर्वाह निधी भरला गेलेल्यांचा आकडा शेजारी-शेजारी दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावा. माहिती सरकारकडे आहे, फक्त दोन खात्यांतून ती एकत्र आणायची आहे. दुसरी, आयटीआयमध्ये नव्या व्यवसायाच्या तुकड्या मंजूर करताना कराराची बातमी नव्हे, तर वीजभाराची मंजुरी आणि यंत्रांची मागणी हा आधार धरावा. तोवर इलेक्ट्रिशियन, उपकरण यांत्रिकी आणि वातानुकूलन या तुकड्यांना थेट प्रवाह, उच्चदाब सुरक्षा आणि बॅटरी चाचणी यांची शंभर-दीडशे तासांची जोड द्यावी. तिसरी, नोकरीची हमी देऊन शुल्क घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला जाहिरातीतच मागच्या तुकडीच्या शिकाऊ करारांची संख्या छापण्याचे बंधन घालावे. यावर असा आक्षेप येईल की, इतकी चौकशी झाली तर गुंतवणूकदार बिचकतील. ज्याचा कारखाना खरा आहे त्याला आपल्या हजेरीपटाची भीती वाटण्याचे कारण नाही. बिचकेल तो फक्त करारावर सही करून जमिनीच्या दराकडे डोळे लावून बसलेला.

देशात इलेक्ट्रिक वाहने वाढणार आहेत आणि त्यांबरोबर काही चांगल्या नोकऱ्याही येणार आहेत, याबद्दल दुमत नाही. प्रश्न त्या कुणाला, कुठे आणि केव्हा मिळणार हा आहे, आणि त्याचे उत्तर बातमीच्या मथळ्यात नसते. ते वीज कंपनीच्या मंजुरीत, चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्रात आणि महिन्याच्या शेवटी भरल्या जाणाऱ्या निधीच्या यादीत असते. १९५५ च्या करारानंतर भिलाईत पहिली भट्टी केव्हा पेटणार, हे सांगणारे वेळापत्रक होते आणि त्या वेळापत्रकावर विश्वास ठेवून माणसे नागपूर, भंडारा, गोंदियाहून इथे आली. आजच्या मुलांनाही तेवढे वेळापत्रक मागण्याचा हक्क आहे. ते मिळेपर्यंत त्यांनी फीचे पैसे खिशात ठेवावेत आणि हातात मल्टिमीटर धरायला शिकावे.